दोघांनी मान्य केलं, असं लिहिण्याआधी

आमच्या सांगलीच्या गावभागात दोन घरांमधली एक भिंत 2019 च्या महापुरात कलली होती, ती यंदाच्या पावसात पडली. अण्णा आणि शेजारच्या काकी यांचं बोलणं आधीपासूनच बंद. शेवटी गल्लीतल्या निवृत्त गुरुजींनी दोघांना काकींच्या सोप्यात बसवलं, दोघांना विचारून मोबाईलवर रेकॉर्डिंग लावलं आणि मिटलेले मुद्दे कागदावर उतरवायचं काम माझ्याकडे आलं. वकिलांच्या ऑफिसात लिखापढी करत असल्यामुळे अशा कामात लोक कुठे घसरतात ते मी रोज बघते, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

लोक रेकॉर्डिंग ऐकतात, कोण काय म्हणालं ते लिहितात आणि त्यालाच समझोता म्हणतात. माझ्या मते हे चुकीचं आहे, आणि त्यातून नवीन भांडण उभं राहतं. एकाने म्हटलं आणि दुसरा गप्प बसला, तर तो मुद्दा मान्य झालेला नसतो. दुसऱ्याचं उत्तर त्याच्याच तोंडून आलेलं असेल तरच तो कागदावर घ्यायचा.

सगळ्यात अवघड ठरला खर्चाचा मुद्दा. सुरुवातीलाच काकी म्हणतात, "निम्मा खर्च मी देते, त्यात काय." अण्णा लगेच, "चालतंय." इथेच थांबलं तर मुद्दा तयार! पण पुढे जवळजवळ अर्ध्या तासाने, पत्र्याच्या पाण्यावरून वाद चालू असताना, काकी म्हणतात, "जुन्या पायावरच बांधणार असाल तर निम्मे. इंचभर इकडं सरकवली तर एक रुपया देणार नाही." त्यावर अण्णा, "पाया तोच. पण मला सात फूट पाहिजे." काकी, "पाचाच्या वरचं तुमचं तुम्ही करा." अण्णा, "करतो की." म्हणजे कबुली एका ठिकाणी, अट आणि उंचीची मर्यादा दुसऱ्याच ठिकाणी. शेवटी कागदावर वाक्य असं आलं: भिंत जुन्या पायावरच बांधायची, पाच फुटांपर्यंतचा खर्च निम्मा-निम्मा, त्यावरच्या दोन फुटांचा खर्च अण्णांचा. नुसतं "खर्च निम्मा-निम्मा" लिहिलं असतं, तर सात फुटांचं बिल आल्यावर दोघंही आपापल्या जागी खरे ठरले असते.

म्हणून मी एकदा ऐकून लिहीत नाही. आधी विषय पाडते: पाया, खर्च, पाणी, हद्द. मग प्रत्येक विषयावरचं शेवटचं बोलणं शोधते आणि तिथून उलटं मागे जात त्याला जोडलेल्या अटी गोळा करते. प्रत्येक मुद्द्यासमोर रेकॉर्डिंगमधली वेळ लिहिते, म्हणजे शंका आली की तेवढाच भाग दोघांना ऐकवता येतो.

एका जागी अण्णा चिडून म्हणाले, "एवढा फूटभर तुकडा ठेवा तुम्हालाच!" काकी म्हणाल्या, "तुमचं दान नको मला." गुरुजींना वाटत होतं, अण्णांचं मन मोठं आहे, हे लिहावं. मी लिहिलं नाही. देणाऱ्याने रागात दिलं आणि घेणाऱ्याने नाकारलं, यात मान्य काय झालं? शिवाय जमिनीचा तुकडा असा साध्या कागदावर देता येत नाही, त्याला नोंदणीकृत दस्त लागतो.

हद्दीचं तर मिटलंच नाही. काकी म्हणाल्या, "भिंत उठली म्हणजे जागा तुमची झाली, असं नाही हं." अण्णा म्हणाले, "मोजणी होईल तेव्हा बघू, तोवर भिंत ती भिंत." एवढ्यावर मात्र दोघांचं जुळलं होतं, म्हणून ते घेतलं: या बांधकामावरून हद्द ठरली असं कुणी म्हणायचं नाही. खरी हद्द कुठून जाते, हे भूमी अभिलेखच्या मोजणीशिवाय ठरणार नाही. मोजणीची फी कुणी भरायची यावर अण्णा नुसतं "बघू" म्हणाले होते. ते मी मान्य मुद्द्यांत घातलं नाही, खाली "राहिलेले मुद्दे" म्हणून वेगळं लिहिलं. गुरुजींना ते खटकलं, कागद अपुरा दिसतो म्हणाले. पण न मिटलेलं मिटल्यासारखं दाखवणं मला पटत नाही.

सही करण्याआधी मुद्दे दोघांसमोर मोठ्याने वाचले. पन्हाळीचा मुद्दा आल्यावर काकींनी थांबवलं. मी लिहिलं होतं, "अण्णा पत्र्याला पन्हाळ लावतील." काकी म्हणाल्या, "पन्हाळ लावून पाणी परत माझ्याच अंगणात सोडलं तर?" रेकॉर्डिंग लावलं. अण्णांनी तेव्हाच "पाइप माझ्या गटारीत घेतो" म्हटलं होतं, पण त्याच वेळी कुकरची शिट्टी झाली होती आणि मला ते शब्द लागले नव्हते. वाक्य तिथेच पुरं केलं, अण्णांनी पुन्हा होकार दिला.

रेकॉर्डिंगबद्दलही सांगते. मध्यस्थी कायदा, 2023 नुसार होणाऱ्या मध्यस्थीत ध्वनिमुद्रणाला मनाई आहे. आमची बैठक घरगुती होती, तरी त्या मनाईमागचं कारण मला पूर्ण पटतं. रागातलं वाक्य उद्या कुणाच्या मोबाईलवर फिरायला नको. म्हणून दोन्ही प्रतींवर दोघांच्या आणि गुरुजींच्या सह्या झाल्यावर ती फाइल सगळ्यांच्या देखत पुसली. मोजणीच्या फीचं बोलणं दिवाळीनंतर परत ठेवलंय.