लॅटिनवर बंदी नव्हती: माझ्याच मजकुराची दुरुस्ती

“दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली लॅटिनवर बंदी घातली आणि मिस्सा लोकांच्या हाती आली.”

हे वाक्य माझ्याच निबंधाच्या टिपणातलं आहे. ही परिषद म्हणजे कॅथलिक बिशपांची जागतिक सभा, आणि मिस्सा म्हणजे कॅथलिक चर्चमधली मुख्य उपासना. त्याची दोन्ही अर्धी चुकीची आहेत.

परिषदेच्या ४ डिसेंबर १९६३च्या उपासनाविषयक दस्तऐवजाचं कलम ३६ मी आता नीट वाचलं. लॅटिनचा वापर टिकवावा, असं ते आधी सांगतं. मग वाचनं, सूचना, काही प्रार्थना आणि गीतं यांत लोकभाषेला अधिक जागा देण्याची मुभा देतं. कलम ५४ तर भाविकांना त्यांच्या वाट्याचे भाग लॅटिनमध्येही म्हणता यावेत, अशी अपेक्षा धरतं. पुढे लॅटिन जवळपास सगळीकडून मागे पडली, म्हणून माझी गफलत झाली.

“लोकांच्या हाती” हा भाग जास्त दिशाभूल करतो. मिस्सा कानाला कळू लागली, हे खरं. पण कोणती भाषा, किती प्रमाणात, हे बिशपांनी ठरवायचं आणि त्यावर रोमची, म्हणजे पोपच्या केंद्रीय प्रशासनाची, मान्यता घ्यायची होती. २००१मध्ये रोमने लॅटिनशी काटेकोर इमान राखणारं भाषांतर मागितलं. त्यामुळे २०११पासून इंग्रजी मिस्सेत धर्मगुरूंच्या अभिवादनाला “आणि तुमच्याबरोबरही” ऐवजी “आणि तुमच्या आत्म्याबरोबरही” अशा अर्थाचं उत्तर आलं. वर्षानुवर्षं तोंडात बसलेलं वाक्य बदललं, तेही बाकांवरच्या लोकांनी नव्हे. २०१७मध्ये पोप फ्रान्सिस यांनी भाषांतराची जबाबदारी पुन्हा बिशपांकडे झुकवली.

जुना मजकूर कृपया पुढे पाठवू नका. आधी पाठवला असेल, तर तिथे हा खुलासा जोडा.