दीडचा काढा, तीनचा बसवा

सर्वप्रथम अभिनंदन. एजीएममध्ये कोणीच हात वर केला नाही म्हणून का होईना, सोसायटीच्या स्विमिंग पूल उपसमितीचे अध्यक्षपद तुमच्याकडे आले आहे. आता मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात पाणी ताकासारखे दिसू लागेल, ग्रुपवर फोटो पडतील आणि तुम्हाला काहीतरी करावे लागेल. घाबरू नका. मुंबईतल्या पोडियमवरच्या पूलवर एक रामबाण उपाय आहे: पंप मोठा घ्या. दीड एचपीचा काढा, तीनचा बसवा. मोठा पंप सभासदांना दिसतो, ऐकूही येतो.

एक पथ्य मात्र पाळा. कोणालाही गणित करू देऊ नका. आमच्या सोसायटीत ते मी केले होते, तेव्हापासून मला मीटिंगचा चहासुद्धा शेवटी मिळतो.

आमचा पूल 15 मीटर लांब, 6 मीटर रुंद, सरासरी खोली 1.2 मीटर. म्हणजे 108 घनमीटर पाणी. बिल्डरच्या माहितीपत्रकात लिहिले होते, टर्नओव्हर सहा तास. पूलमध्ये जितके पाणी आहे तितके सहा तासांत फिल्टरमधून जायला हवे, म्हणजे ताशी 18 घनमीटर. पंप खरेच तेवढे ओढतो का, हे बघायला फ्लो मीटर लागतो. तो अर्थातच नव्हता. मग मी ऑपरेटरला फिल्टरवरचा मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह ‘वेस्ट’वर करायला, म्हणजे पाणी फिल्टर टाळून थेट गटारात सोडायला सांगितले आणि भिंतीच्या टाइलवर पट्टी धरून बसलो. सहा मिनिटांत पातळी दोन सेंटिमीटर उतरली. 90 चौरस मीटरवर दोन सेंटिमीटर म्हणजे 1.8 घनमीटर, ताशी बरोबर 18. वेस्टमध्ये वाळू वाटेत नसते, त्यामुळे हा आकडा थोडा फुगलेला असतो. तरी पंप बिचारा निर्दोष होता. (गटारात गेलेल्या त्या अठराशे लिटरबद्दल खजिनदार अजून बोलतात. टँकरचे पाणी.)

दोष होता फिल्टरचा. पंपरूममध्ये 600 मिलिमीटर व्यासाचा एकच वाळूचा फिल्टर होता. त्याचे क्षेत्रफळ 0.28 चौरस मीटर. त्यातून ताशी 18 घनमीटर ढकलले की पाणी वाळूवर ताशी 64 मीटर वेगाने उतरते. बंगल्यातल्या खासगी पूलचे हाय-रेट फिल्टर पन्नासपर्यंत चालवतात. जिथे सुट्टीत साठ पोरे एकदम उड्या मारतात तिथे पंचवीस-तीसच्या आत राहावे. वाळू मळ पकडते ती पाणी सावकाश उतरते म्हणून. वेग वाढला की पाणी वाळूत बिळे पाडते आणि मळ त्या बिळांतून थेट पूलमध्ये परत येतो. आपले पाणी फिल्टरमधून जाऊन येत होते, एवढेच. लोकलमधून न उतरता परत चर्चगेटला यावे तसे.

अशा वेळी फिल्टर वाढवावा, असा मोह होईल. आवरा. 900 मिलिमीटरचा फिल्टर घेतला तर वेग अठ्ठावीसवर येतो, पण आमच्या पंपरूमचे दारच अडीच फुटांचे. तो आत जाणार कसा? मी सुचवले, 600चा आणखी एक घ्या आणि दोन्ही समांतर जोडा. वेग निम्मा, बत्तीस. तिसाच्या जरा वर, पण चौसष्टपेक्षा कितीतरी बरा. सेक्रेटरी म्हणाले, “दोन फिल्टर म्हणजे दोनदा बॅकवॉश, वाळू उलट्या पाण्याने दोनदा धुवायची. आणि पंपाचं काय? पंप तर जुनाच राहतो ना!” या युक्तिवादाला उत्तर नसते.

तेव्हा तीन एचपी बसला. आता गंमत बघा. त्याच पाइपांत पाणी वाढवायचे तर लागणारी ताकद प्रवाहाच्या घनाने वाढते. ताकद दुप्पट केली तर पाणी फार तर सव्वापट होते. म्हणजे 18चे जेमतेम साडेबावीस-तेवीस. वीजबिल दुप्पट, पाणी पाव पट जास्त; आणि तेही त्याच एकुलत्या फिल्टरमधून, आता ताशी 80 मीटरने. पाणी आणखी गढूळ झाले. ग्रुपवर कोणीतरी विचारले, पाच एचपी मिळतो का?

पाइपांबद्दल तर बोलूच नका, ते जमिनीत आहेत. पूलमधून पंपाकडे येणाऱ्या सक्शन लाइनमध्ये पाण्याचा वेग सेकंदाला दीड मीटरच्या आसपास ठेवावा, पूलकडे परत जाणाऱ्या रिटर्नमध्ये दोन-अडीचपर्यंत चालतो. आमची सक्शन 63 मिलिमीटरची, आतून साधारण 57. जुन्या पंपावरच तिथे जवळपास दोन मीटरचा वेग होता. नव्यावर अडीच झाला. 75ची लाइन असती तर जुना पंप एक पूर्णांक चारमध्ये सुखाने चालला असता. पण रिटर्नमध्ये वेग वाढला तर फक्त दाब वाया जातो. सक्शनमध्ये वाढला तर पंपाची उपासमार होते. आमचा पंप पाण्याच्या पातळीच्या थोडा वर बसवलेला. त्याच्या तोंडाशी दाब इतका पडतो की पाण्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पंपाच्या फिरत्या चाकावर, इम्पेलरवर, आपटून फुटतात. पंपरूमबाहेर उभे राहिलात तर मिक्सरमध्ये खडी टाकल्यासारखा आवाज येतो. सभासद विचारतील. सांगा, पॉवरफुल आहे.

(वाफ आणि हवा यांत गल्लत करू नका. रिटर्नच्या तोंडातून पूलमध्ये बुडबुडे दिसले, तर सक्शनच्या कुठल्यातरी जोडातून किंवा पंपापुढच्या गाळणीच्या, स्ट्रेनरच्या, झाकणातून हवा शिरते आहे. त्याला दोन-तीनशे रुपयांची रबरी रिंग पुरते, म्हणून त्यावर मीटिंग होत नाही.)

एका गोष्टीवर मला थट्टा जमत नाही. आमच्या पूलला तळाशी ड्रेन एकच आहे, आणि त्याची जाळी किती प्रवाहासाठी आहे हे पंप बदलताना कोणी पाहिले नाही. 2002 साली अमेरिकेत ग्रेम बेकर नावाची सात वर्षांची मुलगी हॉट टबच्या ड्रेनच्या ओढीने तळाशी अडकून बुडून मेली. 2007 साली तिच्या नावाने कायदा झाला आणि तिथल्या सार्वजनिक पूलांवर अंग न अडकणारी जाळी सक्तीची झाली. एकाऐवजी किमान तीन फूट अंतरावर दोन ड्रेन असले की एक झाकला तरी दुसरा पाणी देतो. हे एवढे करा. पंप नंतर घ्या.

तर, वीजबिल. ते आले की पंप दिवसाला दोनच तास चालवायचा ठराव करा. सहा तास चालवला की सगळे पाणी स्वच्छ, असे तुम्हाला वाटत असेल, तर तेही खरे नाही: गाळलेले पाणी न गाळलेल्यात मिसळत राहते, त्यामुळे एका टर्नओव्हरमध्ये साधारण 63 टक्केच पाणी फिल्टर पाहते, दोनमध्ये 86, तिसऱ्याला 95. नव्या पंपाच्या दोन तासांत, बिळे पडलेल्या त्या वाळूतून, जेमतेम 35. पण ठराव एकमताने मंजूर होतो.

आमचा पूल जूनमध्ये ‘मेंटेनन्ससाठी बंद’ झाला. साठ पोरे गेली, तेल गेले, सनस्क्रीन गेले, आणि सप्टेंबरपर्यंत पाणी इतके नितळ झाले की तळाची प्रत्येक टाइल मोजता यावी. एजीएममध्ये तीन एचपीच्या पंपाबद्दल समितीचे टाळ्यांच्या गजरात आभार मानण्यात आले.