आठवड्याने वीसपैकी दहा आले, म्हणजे नक्की काय झालं?

"धडा वाचून आठवड्याने चाचणी दिली आणि निम्मं आठवलं नाही, तर अभ्यासाचं नियोजन फसलं. तो धडा पुन्हा दोन-तीनदा वाचून काढा आणि पुढच्या धड्याला जास्त वेळ द्या."

या सल्ल्यातलं आधी नियोजन फसल्याचं बघू. समजा, प्रकाशसंश्लेषणाच्या धड्यावर 20 प्रश्न काढले. त्याच संध्याकाळी पुस्तक मिटून सोडवले तेव्हा 17 बरोबर आले, आठवड्याने 10. म्हणजे चुकले 10, पण विसरले फक्त 7. उरलेले 3 पहिल्या दिवशीही चुकले होते. बाहेर पडणारा ऑक्सिजन पाण्यातून येतो की कार्बन डायऑक्साइडमधून, हा त्यातलाच एक. तो पाण्यातून येतो हे मुळात कळलंच नव्हतं, तर त्याचा दोष उजळणीच्या वेळापत्रकाला कसा द्यायचा? तिथे धड्याचा तेवढाच भाग समजून घ्यायला हवा. पहिल्या दिवसाचा आकडा नसेल, तर हा फरक कधीच दिसणार नाही.

आता ते 7. प्रत्येकाला थोडासा धागा देऊन बघा. शर्करा हरितलवकाच्या कोणत्या भागात तयार होते, हे आठवत नव्हतं. पण "स्ट्रो" एवढं ऐकताच "स्ट्रोमा" आलं. असे 5 निघाले, तर माहिती डोक्यात आहे, ती बाहेर काढायचा सराव झालेला नाही. नियोजनाची खरी चूक इथे सापडते: वाचन आणि चाचणी यांच्यामध्ये न बघता आठवायची एकही पाळी नव्हती. ती दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी ठेवा. धागा देऊनही न आलेले 2 तेवढे पुन्हा वाचावे लागतील.

पुन्हा पुन्हा वाचायचा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो, कारण तो लगेच लागू पडल्यासारखा भासतो. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये हेच तपासलं. एका गटाने उतारा चार सत्रांत वाचला. दुसऱ्याने एका सत्रात वाचून तीनदा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, 83 टक्के विरुद्ध 71. आठवड्याने मात्र वाचणारे 40 वर आले आणि आठवणारे 61 वर राहिले.

जास्त वेळ द्यायचा तर तो न बघता आठवायला द्या. आणि पुढच्या चाचणीशी तुलना करताना जपून: विचारलेला प्रश्न विचारण्यानेच पक्का होतो, म्हणून चार-पाच प्रश्न आधी न विचारता राखून ठेवा. शिवाय 20 प्रश्नांत एक-दोनचा फरक निव्वळ योगायोगानेही पडतो. तेवढ्यावरून वेळापत्रक बदलू नका.