पाच रुपयांचा ऑप्शन खरंच पाच रुपयांचा असतो का?

"शेअर 800 रुपयांचा आहे, त्याचा 820 चा कॉल फक्त 5 रुपयांना मिळतो. एक लॉट घेतला तर बुडून बुडून कितीसे बुडणार? आणि विकला तर प्रीमियम आपलाच, जोखीम म्हणाल तर मार्जिनपुरती."

असा हिशेब नवशिके अनेकदा मांडतात. 820 चा कॉल म्हणजे मुदत संपेपर्यंत, म्हणजे एक्स्पायरीपर्यंत, तो शेअर 820 या ठरलेल्या भावाने, म्हणजे स्ट्राइकला, घेण्याचा हक्क; त्या हक्काची किंमत म्हणजे प्रीमियम. स्क्रीनवर दिसणारा 5 हा एका शेअरमागचा भाव आहे, कॉन्ट्रॅक्टची किंमत नव्हे. सौदा ठरलेल्या नगांच्या लॉटमध्येच होतो; या शेअरचा लॉट 500 चा आहे असं धरू. मग एका लॉटसाठी खात्यातून 2,500 रुपये जातात, शिवाय दलाली आणि कर वेगळे. भाव पाच पैशांनी हलला की हिशेब 25 रुपयांनी हलतो. काही ठिकाणी ऑर्डर भरताना लॉटची संख्या लिहायची असते, काही ठिकाणी एकूण नग. जिथे लॉट विचारलेत तिथे 500 लिहिलं तर तुम्ही 2,50,000 शेअरचा सौदा मागितलेला असतो. म्हणून ऑर्डर पाठवण्याआधी एकूण रक्कम वाचायची. ती भाव × लॉटचे नग × लॉटची संख्या यांच्याशी जुळली नाही तर तिथेच थांबायचं.

घेणाऱ्याचं जास्तीत जास्त नुकसान त्याने दिलेला प्रीमियम, हे खरं आहे. पण त्या 2,500 रुपयांच्या मागे 800 × 500 म्हणजे 4 लाखांचा माल बांधलेला आहे, आणि नफातोटा त्या मालाच्या हालचालीवर ठरतो. समजा या कॉलचा डेल्टा 0.25 आहे, म्हणजे शेअर एक रुपया हलला की प्रीमियम साधारण पंचवीस पैसे हलतो. तेव्हा आत्ता हा लॉट 125 शेअर हातात असल्यासारखा वागतो, म्हणजे एक लाखाच्या शेअरसारखा. शेअर 800 वरून 796 झाला, अवघा अर्धा टक्का, तर प्रीमियम सुमारे एक रुपयाने उतरून तुमचे 500 रुपये गेले. गुंतवलेल्या पैशांचा तो पाचवा हिस्सा. डेल्टा स्थिर नसतो, त्यामुळे हा आकडा त्या क्षणापुरताच खरा. शिवाय शेअर जागेवर राहिला तरी दिवस सरतील तसा प्रीमियम झिजतोच.

आता एक्स्पायरीचा दिवस घेऊ, कारण लोक इथेच सर्वात जास्त फसतात. शेअर 823 वर बंद झाला. भाव स्ट्राइकच्या वर, म्हणजे कॉल 'इन द मनी' आहे म्हणून आनंद होतो. पण हातात येतात 3 रुपये, गुणिले 500, म्हणजे 1,500. दिले होते 2,500. तोटा 1,000 रुपये. खर्च सोडून बरोबरी साधायला शेअर 825 वर हवा होता.

सेटलमेंट शेअरच्या डिलिव्हरीने होत असेल तर आणखी एक गोष्ट डोळ्यांपुढे हवी. ऑप्शन वापरला गेला की 820 × 500, म्हणजे 4,10,000 रुपये भरून शेअर उचलावे लागतात. 2,500 रुपयांच्या तयारीने आलेल्या माणसाकडे ते असतात का? नसतील तर आधीच सौदा मिटवायला हवा. रोखीने सेटल होणाऱ्या ऑप्शनमध्ये हा प्रश्न येत नाही, फक्त फरकाची रक्कम मिळते.

विकणाऱ्याची जोखीम मार्जिनपुरतीच, हे सुरुवातीचं विधान मला सरळ धोकादायक वाटतं. मार्जिन ही एक्सचेंजने मागितलेली अनामत आहे, तोट्याची मर्यादा नव्हे. तेच 2,500 रुपये घेऊन कोणी हा कॉल उघडा विकला, म्हणजे हाताशी शेअर नसताना, आणि कंपनीच्या निकालानंतर शेअर 860 झाला, तर एक्स्पायरीला देणं 40 × 500, म्हणजे 20,000. मिळालेला प्रीमियम वजा केला तरी 17,500 गेले. शेअर 900 झाला तर 37,500. इथे वर छत नाही, आणि मधल्या दिवसांत मार्जिनही वाढवून मागितलं जातं.

राहिला 'स्वस्त' हा शब्द. 12 रुपयांचा ऑप्शन 75 च्या लॉटमध्ये 900 रुपयांना पडतो, म्हणजे आपल्या पाच रुपयांच्या कॉलपेक्षा कमीत. नुसते भाव शेजारी ठेवून काहीच कळत नाही. निर्देशांकाला तर शेअरसारखे नगच नसतात, तिथे मल्टिप्लायर म्हणजे एका अंकामागे किती पैसे. अमेरिकेच्या एसअँडपी 500 च्या SPX ऑप्शनला तो 100 डॉलर आहे. निर्देशांक 6,000 असेल तर एका कॉन्ट्रॅक्टमागे 6 लाख डॉलर. त्याच निर्देशांकाच्या दहाव्या भागावर बेतलेल्या XSP चा मल्टिप्लायरही 100 च आहे, पण तिथे मागे उभे असतात 60 हजार. मल्टिप्लायर एकच, माल दहापट वेगळा.

शेअरचे एकाचे दोन झाले की सहसा स्ट्राइक निम्मा होतो आणि लॉट दुप्पट. आपला कॉल तेव्हा 410 चा, लॉट 1,000 चा, आणि भाव अडीच रुपयांच्या आसपास दिसेल. तो अर्ध्यावर आला म्हणून घाबरून विकण्याआधी 2.50 × 1,000 करून पाहा: तेच 2,500.