वांगी एक, नावं किती

आईच्या भरल्या वांग्याचा व्हिडिओ यूट्यूबवर चढवायला दहा मिनिटं लागली आणि त्याचं नाव ठरवायला चार दिवस. बघणारे दोन गोटांतले. मराठी वाचणारे नातेवाईक एकीकडे, आणि दुसरीकडे बंगळुरूची कन्नड वहिनी व तिच्या मैत्रिणी, ज्यांना देवनागरी म्हणजे तारेवर वाळत घातलेले कपडे वाटतात.

आधी मी दोन्ही भाषा एकाच ठिकाणी कोंबल्या. शीर्षकाला मर्यादा १०० अक्षरांची. ‘भरली वांगी’ डोळ्यांना पाच अक्षरं दिसते, पण काना, वेलांटी, अनुस्वार वेगळे धरले की मधल्या जागेसकट दहा भरतात. तरी बसवलं. फोनवर मात्र लांब शीर्षकाचं शेपूट कापलं जातं, आणि शेपटाला इंग्रजी होतं. वर्णनाला ५००० अक्षरांची ऐसपैस जागा, पण उघडल्याशिवाय वरच्या एकदोन ओळीच दिसतात. त्या मराठीत होत्या. वहिनीने साहित्य फोन करून विचारलं.

मग यूट्यूब स्टुडिओत, म्हणजे आपले व्हिडिओ सांभाळायच्या पानावर, भाषांतराची सोय सापडली. व्हिडिओची मूळ भाषा मराठी ठरवली, इंग्रजी भाषा जोडली, शीर्षक टाकलं: `Stuffed Brinjal Curry`. ज्याला जी भाषा हवी, ती आपोआप दिसणार. मी चहा टाकला.

चहा उतू जायच्या आत नागपूरच्या मावशीचा फोन.

“काय रे, ताई आता ब्रिंजल करते का?”

मावशीला इंग्रजीचा तिटकारा आहे, पण तिचा फोन इंग्रजीत आहे. दुकानदाराने दिला तसाच. आणि कुठलं शीर्षक दाखवायचं हे मुख्यतः भाषेच्या सेटिंगवरून ठरतं. माणूस घरात काय बोलतो ते यूट्यूबला कसं कळावं? माझ्या बहुतेक मराठी नातेवाइकांचे फोन इंग्रजीतच निघाले. म्हणजे मराठी शीर्षक दिसत होतं फक्त मला, आणि हौसेने फोन मराठीत करून घेतलेल्या शेजारच्या जोशीकाकांना.

त्यातच आईने दुरुस्ती सांगितली, “मीठ दोन नाही, एक चमचा.” मी मराठी वर्णन सुधारलं. इंग्रजी वेगळं साठवलेलं असतं, ते हातानेच बदलावं लागतं, हे वहिनीने ती भाजी खाल्ल्यावर कळलं.

शेवटी इंग्रजी शीर्षक `Bharli Vangi | Maharashtrian Stuffed Brinjal` असं केलं. मावशीला रोमन लिपीतली का होईना, वांगी ओळखू येतात आणि वहिनीला अर्थ लागतो. इंग्रजी वर्णनात पहिली ओळ मराठी, खाली इंग्रजी. म्हणजे भाषांतर वेगळं ठेवलं आणि त्याच्या पोटात पुन्हा दोन्ही भाषा भरल्या, वांग्यासारख्या.

काल वहिनी म्हणाली, “कन्नडमध्येही टाका ना.”

आई म्हणाली, “आधी मीठ तपास.”