महासागर आटवताना

दाजींनी मला एक परिच्छेद दिला आणि म्हणाले, "तू लिहिण्यातला माणूस. याची एक ओळ करून दे. स्मृतिचिन्हाच्या पट्टीवर कोरायचीय. कोरणारा म्हणतो, दहाच्या आत शब्द हवेत. अर्थ मात्र तसूभर कमी व्हायला नको."

मी शब्द मोजले. एकशे बारा.

सुरुवात होती 'जीवन हा एक अथांग महासागर आहे' अशी. पुढे ओघाने लाटा आल्या, नाव आली, वल्ही आली, शेवटी दीपस्तंभही आला. मी पेन्सिल घेतली आणि समुद्रातलं सगळं सामान खोडलं. मग जोडगोळ्या धरल्या: जिद्द आणि चिकाटी, धैर्य आणि साहस, न खचता आणि न डगमगता. प्रेरणादायी गद्यात शब्द एकटा कधी बाहेर पडत नाही, सोबतीला भाऊ घेऊनच निघतो. प्रत्येक जोडीतला एक घरी पाठवला. चाळीसेक शब्द उरले आणि मला वाटलं, झालंच की.

घाईघाईत पहिली ओळ केली: 'पडलास तरी पुन्हा ऊठ.' चार शब्द! दाजींना दाखवायला निघालो आणि दारातच थबकलो, कारण हे तर कुठल्याही परिच्छेदाखाली चालून गेलं असतं. आपली ओळ दुसऱ्याच्या परिच्छेदालाही बेमालूम बसत असेल, तर समजावं की अर्थ खोडरबराबरोबर गेला.

परत बसलो. अशा लिखाणात माणसाला खरं काय म्हणायचंय ते बहुतेक वेळा 'परंतु'च्या पलीकडे दडलेलं असतं. अलीकडचा मजकूर म्हणजे घसा खाकरणं. दाजींचा 'परंतु' शेवटून दुसऱ्या वाक्यात सापडला: 'परंतु आपण नेमके कुठे चुकलो हे न पाहता तोच प्रयत्न पुन्हा पुन्हा करत राहणे ही चिकाटी नव्हे.' म्हणजे दाजी नुसतं 'ऊठ' म्हणत नव्हते, अट घालत होते. आणि छाटणीत सगळ्यात आधी मरते ती अटच, कारण तिच्यात ना लाटा असतात ना दीपस्तंभ.

आता अटीसकट: 'चूक शोधा, सुधारा आणि मगच पुन्हा प्रयत्न करा.' आठ शब्द, अर्थ शाबूत. पण वाचताना वाटे, मिक्सर बंद पडल्यावर काय करावं ते सांगतायत.

मध्ये एकदा मोह झाला. आपल्या भाषेत प्रत्यय शब्दाला चिकटतात, त्यामुळे 'उठण्याआधी' हा एकच शब्द धरला जातो. ही सवलत रीतसर आहे. पण सवलतीची चटक लागते. रात्री अकराला मी 'अपयशकारणमीमांसोत्तरपुनरुत्थान' असा एकशब्दी संदेश तयार केला आणि स्वतःवरच खूश होऊन झोपलो. सकाळी तो मलाच एका दमात वाचता येईना.

मग शहाण्यासारखं लिहिलं: 'पुन्हा उठण्याआधी, का पडलो ते बघ.' सहा शब्द. परिच्छेद न वाचलेलं माणूस हवं होतं, म्हणून ताईला ओळ दाखवली आणि विचारलं, "यातून काय कळलं?" दाजींचा मजकूर तिने आजवर एकही वाचलेला नाही; त्यांचा संसार त्यामुळेच सुखाचा आहे.

ताई म्हणाली, "बघून होईस्तोवर पडूनच राहायचं."

म्हणजे अट वाचली आणि उठणं मेलं. चूक क्रमाची होती. वाक्यात जे शेवटी येतं ते कानात रेंगाळतं, आणि सुरुवातीला येतं ते आधी पटतं. म्हणून उठणं पुढे आणलं आणि अट शेपटीला बांधली: 'ऊठ जरूर, पण का पडलास ते बघून.' क्रियापद शेवटी ठेवायची आपली सवय मोडली, पण त्यामुळेच 'बघून' वर जोर आला. सात शब्द. ताईला पुन्हा विचारलं. ती म्हणाली, "उठायचं, पण आंधळेपणाने तेच करायचं नाही." दाजींचा 'परंतु' तिच्या तोंडून जसाच्या तसा परत आला!

दाजींनी ओळ तीनदा वाचली. बोटांवर मोजली. चेहरा पडला.

"महासागर कुठाय?"

"दाजी, अर्थ सगळा आलाय."

"ते खरं रे. पण सातच झाले ना? दहाच्या आत म्हणजे नऊ चालतात. दोन उरले." पुन्हा बोटं मोजून ते उजळले. "त्यातल्या एकात महासागर बसतो."

मी हात जोडले. पट्टी कोरणाऱ्याने जोडले नाहीत. त्याने ओळ सुबक कोरली आणि उरलेल्या जागेत, खाली उजव्या कोपऱ्यात, एकटाच 'महासागर' बसवला.

स्मृतिचिन्ह घेणाऱ्याने ते निरखून पाहिलं आणि माझ्याकडे वळून अदबीने विचारलं, "हे कवीचं टोपणनाव का हो?"

दाजी जवळच उभे होते. ते नम्रपणे म्हणाले, "हो."