नळाच्या पोटात मिस्त्री

आमच्या साताऱ्याच्या घरातलं न्हाणीघर नवं करायचं ठरलं, तेव्हा मी ठाण्यात होते. मिस्त्री काम करणार, पैसे भाऊ देणार, चहा आई करणार आणि फोटो मी बघणार, अशी कामाची वाटणी झाली. यातलं सगळ्यात कष्टाचं काम कोणाच्या वाट्याला आलं यावर आमच्या घरात अजून एकमत नाही.

मिस्त्री माणूस कामाला चोख, पण फोटो काढतात ते शेजारच्या गावातून काढल्यासारखे. पहिला फोटो आला तो खोक्यांच्या थप्पीचा. खोक्यांवर सोनेरी अक्षरं, एक संगमरवरी स्नानगृह आणि फुलदाणी. आईने ग्रुपवर लगेच दोन नमस्कार टाकले. भावाने लिहिलं, ‘माल भारी दिसतोय.’ मला सांगावं लागलं, की हे चित्र पुठ्ठ्याच्या कारखान्यात छापलेलं असतं. आत कुठलीही टाइल असो, फुलदाणी तीच. आपल्या कामाचा मजकूर खोक्याच्या अरुंद बाजूला, घाईघाईत मारलेल्या काळ्या शिक्क्यात असतो: माप, प्रत, बॅच आणि शेड नंबर. कंपनीने ज्याच्यावर कमीत कमी खर्च केलाय तेवढंच वाचायचं.

‘मिस्त्री, खोक्यांची बारकी बाजू दाखवा.’

‘ताई, मोठ्या बाजूला नाव लई ठळक हाय.’

‘नाव नको, शिक्का हवा. प्रत्येक खोक्याचा.’

इथे हिशेब सांगते, कारण पुढे तोच कामाला आला. न्हाणीघर 8 बाय 5 फूट. चारी भिंतींना दाराच्या उंचीपर्यंत, म्हणजे साधारण 7 फूट टाइल. भिंतींची बेरीज 26 फूट, गुणिले 7 म्हणजे 182. दार वजा केलं की 165 चौरस फूट आणि कापाकापीसाठी 10 टक्के वर धरले की 181. टाइल 300 बाय 450 मिलिमीटरची, दुकानात हिला बारा-अठरा म्हणतात. दुकानदार एका टाइलचे दीड चौरस फूट धरतो, म्हणजे 6 नगांच्या खोक्याचे 9. खरं मोजलं तर 8.72 भरतात. या फरकावर भावाने दुकानदाराशी तासभर वाद घातला. दोन्ही हिशेबांनी 21 खोकीच येत होती, पण वाद तत्त्वाचा होता.

तर 21 शिक्क्यांचे फोटो आले. काही आडवे, काही उलटे, एकात फक्त मिस्त्रींचा अंगठा. मी मान वाकडी करून वाचत गेले. 14 खोक्यांवर शेड 3, आणि 7 खोक्यांवर शेड 5.

दुकानदाराला फोन लावला. ‘मॅडम, आयव्हरी ती आयव्हरीच,’ तो म्हणाला, ‘भिंतीवर चढली की कोण बघतंय?’ मी बघते, हे त्याला कसं सांगणार? भट्टीचं तापमान थोडं इकडेतिकडे झालं, ग्लेझची, म्हणजे वरच्या काचेसारख्या थराची, किंवा शाईची नवी खेप लागली, की त्याच डिझाइनचा रंग किंचित सरकतो. म्हणून कारखान्यात टाइल रंगानुसार वेगळ्या करून शेड नंबर देतात. हातात एकेक टाइल धरली तर फरक कळत नाही. भिंतीवर एकीला एक लागून बसल्या की मात्र ठिगळ दिसतं. ‘बदलून द्या,’ म्हटलं तर शेड 3चा माल संपलेला.

म्हणून फरक किती आहे ते फोटोतच पाहायचं ठरलं. मिस्त्रींनी शेड 3चा फोटो अंगणात काढला आणि शेड 5चा न्हाणीघरात, पिवळ्या बल्बखाली. पहिली टाइल निळसर, दुसरी हळदीला बसल्यासारखी. आई म्हणाली, दुसरी छान आहे, उबदार. फोनचा कॅमेरा प्रत्येक फोटोत पांढरं कशाला म्हणायचं ते नव्याने ठरवतो, त्यामुळे दोन वेगळ्या फोटोंतले रंग ताडून बघण्यात काहीच अर्थ नसतो. मी फर्मान काढलं: दोन्ही खोक्यांतली एकेक टाइल एकाच फोटोत, खिडकीच्या उजेडात, मध्ये कोरा पांढरा कागद. मग जागा अदलाबदल करून दुसरा फोटो, कारण उजेडाकडची टाइल नेहमीच गोरी दिसते. जागा बदलल्यावरही तीच टाइल गडद राहिली तर दोष उजेडाचा नव्हे, टाइलचा.

कोरा कागद घरात सापडेना. मिस्त्रींनी मध्ये आईच्या वीजबिलाची मागची बाजू ठेवली. फोटोत बिलाची रक्कम उलटी, आरपार दिसत होती आणि भावाने पुढचा अर्धा दिवस टाइल सोडून गिझरवर चर्चा केली. पण निकाल लागला. शेड 5 जागा बदलूनही किंचित गडदच होती.

ग्लेझ बघायला मात्र समोरून काढलेला फोटो बिनकामाचा. फ्लॅश मारला तर मध्ये पांढरा गोळा आणि बाकी अंधार. टाइल खिडकीशी आडवी धरून, डोळा जवळजवळ तिच्या पातळीला आणून, खिडकीचं प्रतिबिंब तिच्यावर पडेल असा फोटो हवा. गजाची सरळ रेघ टाइलवरही सरळ पडली तर ग्लेझ सपाट, रेघ थरथरली तर लाटा आहेत. मिस्त्री टाइल गालाला लावून फोटो काढतायत, असा एक फोटो भावाने लांबून काढून पाठवला. तो मी जपून ठेवलाय.

त्या फोटोंत एका टाइलवर काळे ठिपके निघाले. मी ‘पिनहोल!’ म्हणून ओरडले. भाजताना टाइलच्या मातीतून वायू सुटतो आणि ग्लेझला टाचणीच्या टोकाएवढं भोक पडतं, ते पिनहोल. मिस्त्रींना ओल्या फडक्याने पुसून पुन्हा फोटो काढायला सांगितलं. ठिपके गेले. सिमेंटची धूळ होती. पुसूनही ठिपका जाग्यावर असेल तरच तक्रार करायची. शिवाय तपासणीच्या प्रमाण पद्धतीत टाइल 1 मीटरवरून, नुसत्या डोळ्यांनी बघतात आणि शंभरातल्या 95 निर्दोष असल्या तरी चालतात. फोटो बोटांनी फाकवून चौपट करून बघणाऱ्या माणसाचा विचार त्यात केलेला नाही. माझ्यासारखं बघायचं म्हटलं तर एकही कारखाना चालणार नाही.

मग पाठ. टाइलची पाठ बघा म्हटल्यावर मिस्त्रींच्या आवाजात पहिल्यांदा आदर आला. पाठीवर दाबयंत्राच्या साच्याने उमटवलेल्या पट्ट्या असतात, कंपनीचं नाव असतं आणि बऱ्याचदा एक बाण. खोक्यावरचं आणि पाठीवरचं नाव एकच असावं, एवढी साधी अपेक्षा. पण खोकं रिकामं झाल्यावर त्यात काय भरावं याला बंधन नसल्यामुळे ते तपासलेलं बरं. बाण असला तर सगळे एकाच दिशेला ठेवून टाइल बसवायच्या. पाठीवरची पांढरी भुकटी बघून भावाने ‘बुरशी’ असं निदान केलं. ती भट्टीतल्या रोलरला टाइल चिकटू नये म्हणून लावतात, बसवण्याआधी पुसली की झालं. शेड नंबर मात्र पाठीवर नसतो. तो फक्त खोक्यावर. म्हणून खोकी टाकू नका, असं मी मिस्त्रींना बजावून ठेवलं.

शेड 5च्या त्या 7 खोक्यांवर उपाय असा निघाला. दोन शेड एका भिंतीवर मिसळायच्या नाहीत. कोपरा वळला की उजेडही वळतो आणि तिथे किंचित फरक कोणाच्या लक्षात येत नाही. त्यातही खिडकीची भिंत उत्तम, कारण उजेड तिच्यातूनच येतो आणि ती स्वतः अंधारी राहते. आमची खिडकी 8 फुटी भिंतीत. टाइल आडव्या बसवल्या की एका ओळीला 5 अख्ख्या आणि एक साधारण सात-साडेसात इंचांचा तुकडा. एका टाइलमध्ये असे दोन तुकडे निघतात, म्हणजे ओळीला साडेपाच. ओळी 7. लहानशी खिडकी हिशेबात न धरताही 39 टाइल. आपल्याकडे 42. बाकी तीन भिंतींना शेड 3. हे सगळं मी रात्री आकृती काढून पाठवलं. मिस्त्रींनी अंगठा दाखवला. या वेळी मुद्दाम.

दुसऱ्या दिवशी दुपारी नळाचे फोटो आले. क्रोमच्या नळाचा फोटो काढणं ही मूळातच फसवणूक आहे, कारण फोटोत नळ येत नाही, नळासमोर जे असेल ते येतं. पितळेवर आधी निकेलचा थर चढवतात आणि त्यावर क्रोम, तेही मिलिमीटरचा एक हजारावा भागसुद्धा भरणार नाही इतकं पातळ. क्रोम निळसर असतं, निकेल पिवळसर. त्यामुळे तोटीच्या आतल्या वळणात, मुठीच्या खाचेत पिवळी झाक दिसली तर तिथे क्रोम पोचलेलं नाही असा संशय घ्यावा. पण नळासमोर पिवळा बनियन घातलेले मिस्त्री उभे असले तर सगळाच नळ पिवळा. त्यांना नळासमोर पांढरा कागद धरायला सांगितला. वीजबिल पुन्हा आलं.

खाचा स्वच्छ होत्या. नळावर आयएसआयची खूण होती, वर नळांच्या मानकाचा नंबर आयएस 8931 आणि खाली परवान्याचा सीएम/एल नंबर. परवान्याचा नंबर भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये घालून पाहिला तर त्याच कंपनीच्या नावावर निघाला. आता राहिली पॉलिश. ती टाइलसारखीच बघायची, ट्यूबलाइटची रेघ नळाच्या अंगावर कशी वळते ते. मी फोटो मोठा केला. रेघ अगदी नितळ. अजून मोठा केला. नळाच्या पोटात मिस्त्री दिसले, त्यांचा फोन दिसला, आणि मिस्त्रींच्या मागे भिंतीवर बारीक चौकटी दिसल्या. ओळीने. तीन ओळी.

मी फोन लावला.

‘मिस्त्री, तुमच्या मागं टाइल लागल्यात.’

पलीकडे बराच वेळ शांतता. मग, ‘तुमास्नी कसं कळलं?’

‘नळात दिसतंय. कोणत्या खोक्यातल्या लावल्या?’

‘वरची व्हती ती.’

‘त्या खोक्याचा शिक्का बघा.’

‘खोकं फाडून खाली अंथरलंय ताई, भिजलं.’

टाइलची पाठ भिंतीला चिकटलेली, खोकं चिखलात. मी डोळे मिटून हिशेब केला. तीन ओळी म्हणजे साडेसोळा, म्हणजे 17 टाइल, म्हणजे तीन खोकी फुटली असणार. ‘न फोडलेली खोकी मोजा. 3 नंबरची किती, 5 नंबरची किती?’

मिस्त्री मोठ्याने मोजत होते, मागे आई दुरुस्त करत होती.

‘तीनची चौदा. पाचची चार.’

‘आणि भिंत कोणती?’

‘खिडकीची. तुमीच काढून दिली व्हती की आकृती. उगा फोटोपाई थांबून ऱ्हायलो असतो तर दिवस गेला असता.’

मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं काही नव्हतंच.

‘मग ताई,’ मिस्त्री म्हणाले, ‘नळ पसंत हाय न्हवं?’